“जो येणार आहे तो तूच का?” : तरुण संघाचा शनिवारचा धडा

विषय: शंका आणि विश्वास
वेळ: शनिवार, सायंकाळी 5:30 ते 7:00, चर्चचा मागचा हॉल
गट: वय 16 ते 23, साधारण वीस जण, दोन पुढारी
वचन: मत्तय 11:2-11, सोबत मत्तय 3:11-12, यशया 61:1 आणि स्तोत्र 88

पुढाऱ्यांनी आधी वाचायचे

शंकेवरच्या धड्याला बहुतेक ठिकाणी थोमा घेतात किंवा मार्क 9 मधला आजारी मुलाचा बाप. या वेळी दोन्ही मुद्दाम टाळले आहेत. थोमाला आठ दिवसांनी का होईना, हात लावून पाहायला मिळाले. त्या बापाचा मुलगा बरा झाला. आपल्या गटात मात्र असा एक जण आहे, ज्याच्या वडिलांसाठी जूनमध्ये सगळ्या मंडळीने साखळी प्रार्थना केली आणि तरीही वडील गेले. त्याच्यापुढे “विश्वास ठेवणाऱ्याला सर्व काही शक्य आहे” हे वचन आज ठेवले, तर त्याला एकच ऐकू येईल: तुझाच विश्वास कमी पडला. म्हणून आज तुरुंगातला योहान. तो सुटत नाही. मत्तयाच्या चौदाव्या अध्यायात त्याचे शिर कापले जाते.

शनिवारच्या आधी त्या मुलाला फोन करून विषय सांगा. “तुला बोलायला लावणार नाही, मध्येच उठून गेलास तरी चालेल,” एवढेच बोला. त्याला साक्ष द्यायला सांगू नका.

आजची तुमची जबाबदारी उत्तरे देण्याची नाही. प्रश्न नीट ऐकून घेणे आणि तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखणे एवढीच आहे. काही प्रश्न माहितीचे असतात: शुभवर्तमाने कधी लिहिली गेली, उत्पत्तीच्या सहा दिवसांचे काय. यांना उत्तर असते आणि ते शोधून आणता येते. काही प्रश्नांच्या पोटात जखम असते, “देव प्रार्थना ऐकतो का?” असे विचारणाऱ्याला प्रार्थनेची व्याख्या नको असते. आणि काही प्रश्नांमागे निर्णय दडलेला असतो: मी दृढीकरण घ्यावे का, घरचे म्हणतात म्हणून चर्चला यावे का. जखमेला माहिती दिली की मूल पुन्हा विचारत नाही. आपल्याला वाटते त्याचे समाधान झाले.

साहित्य

ए-फोर कागद 11, प्रत्येकाचे चार तुकडे, म्हणजे माणशी दोन चिठ्ठ्या. एकाच रंगाची, एकाच कंपनीची बॉलपेन. प्रत्येकाने आपापले पेन वापरले की शाईवरून चिठ्ठी कोणाची ते कळते. झाकणाचा स्टीलचा डबा. फळा किंवा मोठा कागद. पवित्र शास्त्राच्या निदान सात छापील प्रती, कारण मोबाइल बंद करून टोपलीत ठेवायचे आहेत. खुर्च्या गोलात मांडा, पुढाऱ्यांच्याही त्याच गोलात.

पाळकसाहेबांना आज बसू नका अशी आदराने विनंती करा. त्यांचे चुकते असे नाही. पण ते असले की मुले दृढीकरणाच्या वर्गातली उत्तरे देतात.

5:30 – सुरुवात (10 मिनिटे)

एक गीत, लहान प्रार्थना. मग एका पुढाऱ्याने हे वाचावे:

“आज आपण प्रश्न विचारणार आहोत. या खोलीत कोणालाही ‘असा विचार करू नये’ असे म्हणायचे नाही. दुसऱ्याच्या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचे नाही. इथे ऐकलेले घरी, ग्रुपवर, क्लासमध्ये सांगायचे नाही. एक अपवाद आहे आणि तो आत्ताच सांगतो: कोणाच्या जिवाला धोका आहे किंवा कोणी कोणाला इजा करत आहे असे कळले, तर ते आम्ही गुप्त ठेवणार नाही. मदत आणू.”

शेवटचे वाक्य गाळू नका. संपूर्ण गुप्ततेचे वचन आधी देऊन नंतर मोडले, तर ते मूल दुसऱ्यांदा कोणाकडेच जात नाही.

5:40 – चिठ्ठ्या (15 मिनिटे)

“देवाबद्दल, शास्त्राबद्दल किंवा आपल्या मंडळीबद्दल असा एक प्रश्न लिहा, जो तुम्ही अजून मोठ्याने विचारलेला नाही. नाव नको. मराठी, इंग्रजी, मोबाइलवर लिहितो तसे, काहीही चालेल. प्रश्न नसेल तर ‘आज प्रश्न नाही’ असे लिहा.”

हे शेवटचे सांगणे गरजेचे आहे. नाहीतर कोरी चिठ्ठी टाकणारा लगेच दिसतो. सगळ्यांनी लिहायचे, पुढाऱ्यांनीही. सात मिनिटे द्या. पहिली दोन मिनिटे हसण्यात जातील, ती जाऊ द्या.

डबा एका पुढाऱ्याने बाजूला नेऊन सगळ्या चिठ्ठ्या आधी स्वतः वाचाव्यात. तोवर दुसऱ्याने वचन उघडून घ्यावे. न वाचता डब्यातून थेट चिठ्ठी काढणे हा या प्रकारातला सर्वात मोठा धोका आहे. “चर्चमध्ये साक्ष देणारे घरी हात उगारतात, ते कसे?” असे कोणी लिहिले, तर तो चर्चेचा विषय नाही, बहुधा कोणाच्या तरी घरची खबर आहे. जगण्याचा कंटाळा आल्याचे लिहिले असेल तर तेही मोठ्याने वाचायचे नाही. अशी चिठ्ठी निघाली की शेवटी सगळ्यांनाच सांगा: “मी साडेसातपर्यंत इथेच आहे, ज्याला बोलायचे त्याने थांबा.” टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात पहिल्यापासून लिहिलेला असू द्या. अठरा वर्षांखालील कोणावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ते मंडळीत मिटवायचे नसते.

5:55 – वचन (30 मिनिटे)

चौघाचौघांचे गट करा. सख्खी आणि चुलत भावंडे वेगळ्या गटांत.

आधी मत्तय 3:11-12 वाचा. योहान यार्देनेकाठी मोठ्या खात्रीने सांगतो: माझ्यामागून येणाऱ्याच्या हातात सूप आहे, तो आपले खळे स्वच्छ करील, भूस जाळून टाकील. आता मत्तय 11:2-3. तोच योहान हेरोद अंतिपाच्या कैदेत आहे. योसेफस हा इतिहासकार जागेचे नाव देतो: मृत समुद्राच्या पूर्वेचा मखेरस किल्ला. सूप कुठे चाललेले दिसत नाही. भूस राजवाड्यात जेवते आहे आणि गहू कोठडीत. तेव्हा तो शिष्यांकडून विचारून पाठवतो: जो येणार आहे तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी?

गटांत बोलायला दोन प्रश्न, पाच-पाच मिनिटे:

“योहानाला नेमके काय होईल असे वाटले होते, आणि काय झाले?”

“त्याने हा प्रश्न मनात न ठेवता येशूकडेच का पाठवला असेल?”

मग वचन 4 ते 6 आणि त्यालगत यशया 61:1. गटांना सांगा, येशूचे उत्तर आणि यशयाचे वचन शेजारी ठेवा आणि काय आले, काय आले नाही ते शोधा. येशू आंधळे, पांगळे, कुष्ठी, बहिरे, मेलेले आणि गरीब यांची नावे घेतो. यशयाच्या त्याच वचनात बंदिवानांच्या सुटकेचाही शब्द आहे. तुरुंगातल्या माणसाला पाठवलेल्या निरोपात तो नाही.

हे मुलांनाच सापडू द्या. सापडल्यावर गप्प राहा, अगदी अर्धा मिनिट. पुढाऱ्याला ही शांतता फार लांब वाटते, आणि तो “म्हणजे देवाची योजना मोठी असते” असे काहीतरी बोलून ती बुजवतो. नका बुजवू. येशूने तो शब्द का गाळला हे मत्तय सांगत नाही. आपणही सांगू नये.

शेवटी वचन 7 ते 11. योहानाचे शिष्य निघून गेल्यावर येशू लोकसमुदायाला म्हणतो की स्त्रियांपासून जन्मलेल्यांत योहानाहून मोठा कोणी झाला नाही. हे तो कधी म्हणतो ते पाहा: योहानाने शंका विचारल्यानंतर. इथे एकच प्रश्न, उत्तर न मागता: “आपल्या मंडळीत कोणी असे विचारले, तर त्याच्या पाठीमागे आपण काय बोलतो?”

वेळ उरला तर पंडिता रमाबाईंचे दोन मिनिटे सांगा. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे झाला. त्यानंतरही त्रैक्याच्या शिकवणीवर त्या वाँटेजच्याच मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट कळवले. बाप्तिस्म्याच्या वेळी आपण धर्म स्वीकारला होता, ख्रिस्त मात्र नंतर भेटला, असे पुढे त्यांनीच लिहिले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करणाऱ्याही त्याच. पण “बघा, शेवटी सगळे प्रश्न सुटले” असा शेवट या हकिगतीला लावू नका; त्या प्रश्न विचारत असतानाच्या वर्षांतही ख्रिस्तीच होत्या.

6:25 – प्रश्न मोठ्याने (20 मिनिटे)

निवडलेल्या सहा-सात चिठ्ठ्या पुढाऱ्याने एकाच सुरात वाचाव्यात. साधारण असे प्रश्न येतात: माझे हिंदू आणि मुसलमान मित्र नरकात जाणार का? मी ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणूनच ख्रिस्ती आहे का? प्रार्थनेने काही बदलते, की व्हायचे तेच होते? प्रत्येक चिठ्ठीनंतर गटाला फक्त एवढेच विचारा: “हा प्रश्न आणखी कोणाला पडतो?” हात वर होतात. एकटेपणा तेवढ्याने बराच कमी होतो. प्रश्न फळ्यावर लिहा आणि पुढे जा.

प्रत्येक गटात वादात तरबेज असा एक जण असतोच, यूट्यूब पाहून तयार झालेला. तो उत्तर द्यायला लागला की म्हणा: “तुझे उत्तर आपण पुढच्या शनिवारी घेऊ. आज सांग, हा प्रश्न तुला कधी पडला होता?” थट्टेची चिठ्ठी आली तर तीही गंभीरपणे वाचा, पुष्कळदा तीच सगळ्यात खरी असते. तुम्हाला थेट विचारले, “तुम्हाला काय वाटते?” तर टाळू नका. दोन वाक्यांत खरे सांगा आणि थांबा.

6:45 – समारोपाची प्रार्थना (15 मिनिटे)

स्तोत्र 88 आळीपाळीने, एकेकाने एकेक वचन वाचावे. या स्तोत्राचा शेवट अंधारात होतो, वळण घेऊन स्तुतीकडे जात नाही. त्याच्यामागे आनंदाचे गीत जोडू नका. दोन मिनिटे शांतता, मग “हे आमच्या स्वर्गातील पित्या” सगळ्यांनी मिळून.

आठवड्याचे काम: फळ्यावरचा एक प्रश्न वहीत उतरवून घ्या आणि घरातल्या किंवा मंडळीतल्या साठीपुढच्या एका माणसाला विचारा: “तुम्हाला हा कधी पडला होता का?” उत्तर मिळाले नाही तर तसेच लिहून आणा.

मुले गेल्यावर

चिठ्ठ्या त्याच रात्री फाडून टाका. काळजीची चिठ्ठी असेल तेवढीच ठेवा, आणि दोघांनी बसून कोणाशी कधी बोलायचे ते ठरवा. फळ्यावरच्या प्रश्नांची वर सांगितल्याप्रमाणे तीन भागांत वाटणी करा. माहितीचे प्रश्न पुढच्या शनिवारी, तयारी करून, पाळकसाहेबांना बोलावून घ्यायचे. निर्णयाच्या प्रश्नांवर एकेकट्याशी बोलायचे. जखमेच्या प्रश्नांसाठी धडा नाही; त्या मुलाच्या घरी बुधवारपर्यंत चहाला जाऊन यायचे.