सेक्शन 2 चा नवा मसुदा (रिलेटेड वर्क)

अरे, रिव्ह्यूअर 2 चं म्हणणं मला पटलंय. आपल्या जुन्या पॅऱ्यात "आधीचे फिल्टर वाढवता येत नाहीत" असं सरळ ठोकून दिलंय, आणि ते खरं नाहीये. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधलं "पहिल्यांदाच" पण काढतोय. मुद्दा आधी मराठीत पक्का करू, मग ओव्हरलीफवर इंग्रजीत तू चढव. हा घे पूर्ण पॅरा:

"ब्लूम फिल्टर (1970) मध्ये डिलीट नाही आणि आकार आधीच ठरवावा लागतो. स्केलेबल ब्लूम फिल्टर (2007) ने वाढीचा प्रश्न सोडवला: जागा भरली की आधीपेक्षा कडक एरर रेटचा नवा थर चढवायचा, म्हणजे एकूण एरर हाताबाहेर जात नाही, पण लुकअपला अनेक थर तपासावे लागू शकतात. कोशंट फिल्टर (2012) मूळ की परत न वाचता दुप्पट होतो, कारण रिमेंडरमधला एक बिट कोशंटला जातो. त्यामुळे दर वेळी फिंगरप्रिंट एका बिटाने आखूड होतो आणि फॉल्स पॉझिटिव्ह साधारण दुप्पट होतात. कुकू फिल्टर (2014) डिलीट देतो, कमी एरर रेटला ब्लूमपेक्षा जागाही कमी घेतो. इन्फिनीफिल्टर (2023) नव्या कीजना लांब फिंगरप्रिंट देऊन वाढीबरोबर बिघडणारा एरर रेट बराच आटोक्यात ठेवतो. आमची पद्धत हा एरर रेटचा प्रश्न सोडवत नाही, तिथे आम्ही कोशंट फिल्टरच्याच जागी आहोत. आमचा भर एकाच गोष्टीवर आहे: अख्खं टेबल एकदम दुप्पट करताना जो इन्सर्ट अडकून पडतो, त्याचं काम आम्ही एकेक बकेट फोडत अनेक इन्सर्टवर वाटतो. ही कल्पना लिनिअर हॅशिंगची (1980), आम्ही ती फिंगरप्रिंटच्या बकेटना लावली. किंमत अशी की अजून न फुटलेली बकेट जास्त भरतात आणि ओव्हरफ्लोला वेगळी जागा ठेवावी लागते."

लिनिअर हॅशिंगचं नाव आधी फक्त अपेंडिक्समध्ये होतं, ते मुद्दाम वर आणलंय. कोणीही डेटाबेसवाला ते पहिल्या पानावरच ओळखणार, मग आपणच सांगितलेलं बरं नाही का. सर म्हणतील काँट्रिब्युशन बारीक दिसतंय, दिसू दे, जेवढं आहे तेवढं तर पक्कं आहे, आणि टेल लेटन्सीचा ग्राफ तसाही आपल्या बाजूनेच बोलतो.

झॉर फिल्टर (2020) मी पॅऱ्यात घेतला नाही, तो स्टॅटिक आहे, सगळ्या कीज आधीच लागतात, तेव्हा त्याच्याशी तुलना करून जिंकणं म्हणजे काय जिंकणं! फारतर एक वाक्य तळटीपेत टाक.

आणि ग्राफमध्ये इन्फिनीफिल्टरची रेघ हवीच, एरर रेटच्या ग्राफमध्ये पण, जिथे आपण हरतोय तिथे. लेखकांचा कोड मिळतोय का बघ, नाहीतर आपलं व्हर्जन असेल तर तसं कॅप्शनमध्ये स्पष्ट लिही. शुक्रवारच्या आत सरांकडे जायला हवं, म्हणून टेबल 1 मधला "ग्रोथ: नाही" हा कॉलम आजच बदल, कोशंटसमोर तिथे सरळ चुकीचं लिहिलंय.