जादा कापलेल्या आयकराची दुरुस्ती करण्याबाबत वेतन विभागास पत्र

दिनांक : २ जानेवारी २०२६

प्रति,
मा. वेतन अधिकारी,
वेतन व लेखा विभाग,
वाळूज औद्योगिक वसाहत,
छत्रपती संभाजीनगर

विषय : आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये पगारातून जादा कापलेला टीडीएस दुरुस्त करण्याबाबत

संदर्भ : एप्रिल ते डिसेंबर २०२५ च्या पगारपत्रिका व त्यासोबतचा वार्षिक करअंदाज

महोदय,

मी देखभाल विभागात वरिष्ठ अभियंता आहे (कर्मचारी क्र. ४१२७). एप्रिलपासून माझ्या पगारातून दरमहा ५,५९५ रुपये आयकर कापला जातो. डिसेंबरअखेर ही रक्कम ५०,३५५ रुपये झाली आहे. मी नवीन करप्रणालीत आहे आणि माझ्या हिशेबाने या वर्षी माझा कर शून्य येतो. हिशेब खाली सविस्तर मांडला आहे. कृपया तो ओळीओळीने तपासावा.

माझे या वर्षाचे एकूण वेतन असे :

मूळ वेतन ५५,००० × १२ = ६,६०,०००
घरभाडे भत्ता २२,००० × १२ = २,६४,०००
विशेष भत्ता २२,००० × १२ = २,६४,०००
कंपनीचे एनपीएस योगदान ७,७०० × १२ = ९२,४००
दिवाळी बोनस = २५,०००
एकूण = १३,०५,४००

इथपर्यंत आपला आणि माझा आकडा एकच आहे. आपल्या करअंदाजात त्यातून फक्त ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट घेतली आहे आणि करपात्र उत्पन्न १२,३०,४०० रुपये धरले आहे. फरक इथे पडतो. कंपनी माझ्या एनपीएस खात्यात जे ९२,४०० रुपये भरते ते वेतनात मिळवले गेले, आणि ते बरोबरच आहे. पण कलम ८०सीसीडी(२) खाली तेवढीच वजावट द्यायची असते, ती दिलेली नाही.

याबद्दल मी आपल्या विभागात विचारले तेव्हा 'नवीन प्रणालीत कोणतीच वजावट मिळत नाही' असे उत्तर मिळाले. ८०सी, घरभाडे भत्त्याची सूट, व्यवसाय कर यांच्या बाबतीत ते खरे आहे, आणि यांपैकी काहीही मी मागत नाही. मात्र नियोक्त्याच्या एनपीएस योगदानाची वजावट कलम ११५बीएसी खालीही कायम आहे. तिची मर्यादा मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १४ टक्के आहे. मला महागाई भत्ता नाही. ५५,००० चे १४ टक्के म्हणजे बरोबर ७,७०० होतात, म्हणजे आपण भरता ती रक्कम पूर्णपणे मर्यादेत बसते. भविष्य निर्वाह निधीतले कंपनीचे ७९,२०० रुपये धरले तरी एकत्रित योगदान १,७१,६०० होते. त्यावरची साडेसात लाखांची मर्यादा फार दूर आहे.

दुरुस्त हिशेब :

एकूण वेतन = १३,०५,४००
वजा प्रमाणित वजावट = ७५,०००
वजा कलम ८०सीसीडी(२) = ९२,४००
करपात्र उत्पन्न = ११,३८,०००

पहिल्या ४ लाखांवर = ०
४ ते ८ लाखांवर ५ टक्के = २०,०००
उरलेल्या ३,३८,००० वर १० टक्के = ३३,८००
एकूण कर = ५३,८००
वजा कलम ८७ए ची सवलत = ५३,८००
देय कर = ०

उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने ६०,००० रुपयांपर्यंतची ८७ए सवलत पूर्ण लागू होते. बँकेतल्या मुदत ठेवीचे या वर्षीचे व्याज सुमारे १४,००० रुपये आहे. ते मिळवले तरी उत्पन्न ११,५२,००० आणि कर ५५,२०० होतो, म्हणजे सवलतीनंतर शून्यच.

आणखी एक बाब. एनपीएसची वजावट क्षणभर बाजूला ठेवली आणि करपात्र उत्पन्न आपण म्हणता तसे १२,३०,४०० धरले, तरीसुद्धा सध्याची कपात जुळत नाही. आपण टप्प्यांप्रमाणे २०,००० + ४०,००० + ४,५६० = ६४,५६० कर काढून त्यावर ४ टक्के उपकर लावला आहे. वर्षाचे ६७,१४२ रुपये आणि महिन्याचे ५,५९५ रुपये त्यातूनच आले आहेत. परंतु उत्पन्न १२ लाखांच्या थोडेच वर असेल तर मार्जिनल रिलीफ द्यावा लागतो. १२ लाखांवर जेवढे उत्पन्न जास्त, त्याहून जास्त कर लागू शकत नाही. म्हणजे कर ३०,४०० आणि उपकर १,२१६, असा एकूण ३१,६१६. तो गृहीत धरला तरी डिसेंबरपर्यंत १८,७३९ रुपये जास्त कापले गेले आहेत. त्यामुळे पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ठिकाणी दुरुस्ती लागेल असे वाटते. एनपीएसची नवीन वेतनरचना एप्रिलपासून आपल्या कारखान्यात अनेकांना लागू झाली आहे. त्यांचे करअंदाजही याच वेळी पाहिले जावेत, ही माझी आग्रहाची विनंती आहे. सगळेच आपली पगारपत्रिका इतकी बारकाईने पाहत नाहीत, आणि पाहूही शकत नाहीत.

माझी मागणी पुढीलप्रमाणे आहे. जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पगारातून आयकर कापू नये. आधीच्या महिन्यांतली जादा कपात त्याच आर्थिक वर्षात पुढच्या कपातीतून कमी करण्याची मुभा कलम १९२(३) नियोक्त्याला देते. डिसेंबरचा कर सरकारकडे जमा करण्याची मुदत ७ जानेवारी आहे. चलन अजून भरले नसेल तर त्यातले माझे ५,५९५ रुपये मला जानेवारीच्या पगारासोबत परत द्यावेत. म्हणूनच हे पत्र आज घाईने देत आहे. एप्रिल ते नोव्हेंबरचे ४४,७६० रुपये जमा झालेले आहेत. ते मी विवरणपत्र भरून परतावा म्हणून घेईन. त्यासाठी चौथ्या तिमाहीच्या २४क्यू विवरणपत्राच्या परिशिष्टात आणि जूनमध्ये मिळणाऱ्या फॉर्म १६ मध्ये ८०सीसीडी(२) ची ९२,४०० ची वजावट दिसणे अत्यंत आवश्यक आहे. फॉर्म १६ मध्ये एक आकडा आणि माझ्या विवरणपत्रात दुसरा, असे झाले तर परतावा अडकून बसेल.

रक्कम परतावा म्हणून मिळेलच, मग काळजी कशाला, असे कोणी म्हणू शकेल. पण ती हातात यायला अजून कितीतरी महिने जातील. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत भूम तालुक्यातल्या आमच्या शेतातले सोयाबीन पाण्यात गेले, बांध वाहून गेले. रब्बीचे बियाणे, खत आणि बांधबंदिस्ती हा सगळा खर्च यंदा माझ्या पगारावरच आहे. दरमहाचे साडेपाच हजार या वर्षी आमच्यासाठी मोठी रक्कम आहे.

माझ्या हिशेबात कुठे चूक आढळली तर कोणत्या ओळीत ते लेखी कळवावे. कागदपत्रे घेऊन मी कधीही आपल्या विभागात येऊ शकतो. जानेवारीचा पगार तयार होण्यापूर्वी निर्णय कळावा, ही विनंती.

आपला विश्वासू,

सु. भ. जाधव
वरिष्ठ अभियंता, देखभाल विभाग
कर्मचारी क्र. ४१२७

सोबत : एप्रिल ते डिसेंबर २०२५ च्या पगारपत्रिका, एनपीएस खात्याचा व्यवहार उतारा, कंपनीने दिलेला करअंदाज, मुदत ठेवीच्या व्याजाचा बँकेचा दाखला

प्रत माहितीसाठी : मा. मनुष्यबळ व्यवस्थापक