गुळवाट बंद होत आहे: कारणं, हिशेब आणि आभार

कोल्हापूर, ३ नोव्हेंबर २०२५

गुळवाटच्या सर्व ग्राहकांना, गुऱ्हाळमालकांना आणि ज्यांनी आमच्यासाठी पैसे, जागा, वेळ दिला त्या सगळ्यांना नमस्कार.

गुळवाटचं काम, म्हणजे गुऱ्हाळांकडून गूळ घेऊन त्याची पावडर ग्राहकांना घरपोच पाठवणं, आम्ही थांबवत आहोत. शेवटची ऑर्डर १५ नोव्हेंबरपर्यंत घेऊ आणि शेवटचं पार्सल २० नोव्हेंबरला गोकुळ शिरगावच्या शेडमधून निघेल. "बाजारातील परिस्थितीमुळे सेवा स्थगित" अशी चार ओळींची सूचना आधी लावली होती. ती काढून तिच्या जागी हा मजकूर ठेवला आहे, कारण स्थगित हा शब्द बरोबर नव्हता आणि बाजाराकडे बोट दाखवून खरी कारणं कळत नव्हती. कंपनी कायमची बंद होत आहे.

आधी पैशांचं, कारण अनेकांचे पैसे आमच्याकडे आहेत.

वर्षाची वर्गणी आगाऊ भरलेले ११८ ग्राहक आहेत. न पाठवलेल्या महिन्यांची पूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता, ज्या खात्यातून किंवा कार्डवरून आली तिथेच २५ नोव्हेंबरपर्यंत परत जाईल. बँकेत दिसायला त्यापुढे सात कामकाजाचे दिवस धरा. कार्ड बंद झालं असेल तर पैसे आमच्याकडे परत येतील. तेव्हा आम्ही फोन करू आणि तुम्ही नोंदवलेल्या मोबाइलवरूनच यूपीआय आयडी मागवू. ओटीपी, पिन किंवा कुठली लिंक उघडायला आम्ही सांगणार नाही. तसं सांगणारा फोन आला तर तो आमचा नाही.

ऑक्टोबरअखेर कंपनीच्या खात्यात ११ लाख ८० हजार रुपये होते. देणी अशी: सात कामगारांचा नोव्हेंबरचा पगार आणि वर एक महिन्याचा पगार मिळून २ लाख ६० हजार, नऊ गुऱ्हाळांचे ३ लाख ४० हजार, वर्गणीदारांचे २ लाख १० हजार, पाऊच, खोके आणि कुरिअरचे दीड लाख. ही सगळी देणी ३० नोव्हेंबरच्या आत चुकती होतील, गुऱ्हाळांची तर १० तारखेलाच. शिलकीतले २ लाख २० हजार, माल आणि यंत्रं विकून येणारी रक्कम यांतून बँकेचं ५ लाख ६० हजारांचं कर्ज फेडू. कमी पडलं तर ते आम्ही तिघे भरू, कर्जाला हमी आमची आहे.

मित्र आणि नातेवाइकांनी मिळून २२ लाख घातले होते. त्यांना मिळून फार तर दोन लाख परत जातील. ही गोष्ट प्रत्येकाला फोनवर सांगितलेली आहे, पण इथेही लिहिणं आवश्यक आहे. दुकानांकडे अडकलेले ३ लाख १० हजार जसे वसूल होतील तसे तेही पूर्णपणे त्यांच्याकडेच जातील. आमच्या स्वतःच्या चौदा लाखांपैकी त्याआधी एक रुपयाही आम्ही काढणार नाही.

आता कारणं.

सगळ्यात मोठं कारण एक किलोच्या पुड्यात आहे. आमची पावडर १४९ रुपयांना, घरपोच. त्यातले ७ रुपये १० पैसे जीएसटीचे, म्हणजे हातात येतात सुमारे १४२. गूळ गुऱ्हाळावरून ६४ रुपये किलोने. वाळवणं, दळणं, चाळणं आणि त्यातली घट मिळून ९. पाऊच आणि खोका १४. कुरिअर सरासरी ५८. ऑनलाइन पेमेंटचे साडेतीन. बेरीज १४८ रुपये ५० पैसे. शेडचं भाडं, पगार, वीज, जाहिरात यांचा एक पैसाही न धरता किलोमागे साडेसहा रुपये तोटा. पाच किलोचा डबा ६९९ रुपयांना जायचा, त्यात मात्र साधारण ९६ रुपये उरत, कारण कुरिअरला पहिला किलो महाग पडतो आणि पुढचे स्वस्त. दहापैकी सात ऑर्डर एक किलोच्या होत्या. घरात गूळ महिन्याला किलो-दीड किलोच लागतो, पाच किलोचा डबा लहान कुटुंब घेत नाही. एक किलोची किंमत १८९ केली तेव्हा ऑर्डर निम्म्यावर आल्या. ती वाढ सुरुवातीलाच करायला हवी होती. कमी दराची सवय आम्हीच लावली आणि दोन वर्षांनी ती मोडू पाहिली.

दुसरं कारण हंगाम आणि रोकड यांच्यातलं अंतर. गुऱ्हाळं साधारण ऑक्टोबर ते मार्च चालतात. गूळ वर्षभर विकायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत सहा-सात महिन्यांचा साठा घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या गूळ बाजारात सौदा झाला की गुऱ्हाळमालकाला पैसे लगेच मिळतात, मग आम्ही त्याला तीन महिने थांब म्हणणं योग्य नाही. मात्र पुण्या-मुंबईची दुकानं आमच्याकडून ३० टक्के मार्जिन घेऊन पैसे साठ दिवसांनी, कधी नव्वदनी देत. जितकी विक्री वाढली तितकी रोकड अडकत गेली. महिन्याचा स्थिर खर्च २ लाख ३५ हजार, आणि मालातून सुटणारे जेमतेम ९० हजार.

ऊसही स्वस्त नाही. एक किलो गुळाला साधारण दहा किलो ऊस लागतो. साखर कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान दर, म्हणजे एफआरपी, २०२३-२४ ला क्विंटलमागे ३१५ रुपये होती, २०२४-२५ ला ३४० झाली आणि यंदा ३५५ आहे, तीही १०.२५ टक्के साखर उताऱ्याला; उतारा जास्त असेल तर दर आणखी वर. शेतकऱ्याने कारखान्याचा दर सोडून गुऱ्हाळाला ऊस द्यावा अशी अपेक्षा असेल तर नुसत्या उसाचेच किलोमागे ३४-३५ रुपये होतात. वर गुळव्याची मजुरी, भेंडी, चुना, वाहतूक. गुऱ्हाळांनी आम्हाला दर वाढवून मागितला तो रास्तच होता.

तिसरं कारण पावसाळा, आणि इथे चूक पॅकिंगच्या निवडीत झाली. गूळ पिवळा दिसावा म्हणून घालतात ती हायड्रॉस पावडर न घातलेला गूळ गडद असतो आणि गूळ हवेतला ओलावा ओढतोच. तोडलेला ऊस एक-दोन दिवस पडून राहिला तर रसातली साखर फुटते आणि असा गूळ आणखी लवकर पाझरतो. पावडरीतला ओलावा आम्ही २ टक्क्यांच्या आत ठेवत होतो, पण पुडा होता खिडकीवाल्या क्राफ्ट कागदाचा. दिसायला छान, ओलाव्याला मात्र अडवत नाही. २०२३ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये गेलेल्या १,१४० पार्सलांपैकी १६३ ठिकाणी पावडरीचा गोळा झाला. प्रत्येक बदलीला सुमारे १९० रुपये लागले. ॲल्युमिनियमचा थर असलेला पाऊच नगाला सहा रुपये महाग होता म्हणून टाळला होता. तो पुढच्या वर्षी घेतल्यावर तक्रारी जवळपास थांबल्या, पण गेलेल्या ग्राहकांपैकी फार थोडे परत आले. जो नवा ग्राहक आणायला जाहिरातीवर २१० रुपये जात होते, तो एका ओल्या पुड्याने जात होता.

१८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी आला. त्यामुळे बंद पडलो असं म्हणता येणार नाही. कर नसता तरी एक किलोच्या पुड्यात पन्नास पैसेच उरले असते. मोठ्या कंपन्यांची स्पर्धा, पूर, कोविड यांपैकीही काही कारण नाही.

आत्ताच का थांबतोय? नवा हंगाम सुरू झाला आहे. गुऱ्हाळांना आगाऊ उचल दिली असती तर खात्यातले पैसे उसात गेले असते आणि मार्चमध्ये हीच सूचना लिहिताना वर्गणीदारांचे व कामगारांचे पैसे द्यायला काही उरलं नसतं.

आभार मानताना नावं घेत नाही, कारण अनेकांनी नको म्हटलं आहे. पण काम सांगायलाच हवं. करवीर, पन्हाळा, कागल आणि राधानगरीतल्या नऊ गुऱ्हाळमालकांनी हायड्रॉस न घालता गूळ करून दिला. बाजारात पिवळ्या गुळाला भाव जास्त मिळत असताना हे करणं म्हणजे गुळाच्या दर रव्यामागे पदरचं घालण्याची तयारी होती. गुळव्यांनी पावडरीसाठी काहील किती वेळ जास्त ठेवायची, चाचणी पाण्यात कशी पाहायची, भेंडीच्या रसाने मळी कधी वर येते हे हातचं न राखता शिकवलं. त्याशिवाय आमची एकही बॅच जमली नसती. शेडमधल्या सहा ताया आणि एक मामा यांनी पावसाळ्यात रोज सकाळी प्रत्येक पोतं हाताने तपासून ओलं वेगळं काढलं. त्यांना अनुभवाचं पत्र देत आहोत. अन्नपदार्थ पॅकिंगच्या कामाला माणसं हवी असतील तर गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल वसाहतीतल्या उद्योजकांनी आम्हाला जरूर कळवावं, ही मनापासून विनंती आहे.

पुण्यातल्या ज्या सोसायट्यांनी वीस-वीस किलोची एकत्र ऑर्डर दिली, त्या आमच्या फायद्यात चाललेल्या मोजक्या ऑर्डर होत्या. ज्यांनी बिघडलेल्या पुड्याचा फोटो बॅच क्रमांकासह पाठवला, त्यांच्यामुळे पाऊचचा दोष कळला. पैसे घालणाऱ्या प्रत्येकाने ते विश्वासाने घातले आणि चार हंगामांत एकदाही घाई केली नाही. आम्ही तुमचे ऋणी आहोत.

शेडमध्ये साधारण १,९०० किलो चांगला माल आहे, तो ६९९ चा डबा ४९९ ला देत आहोत. काळवंडलेला ४०० किलो माल माणसांच्या खाण्यासाठी विकणार नाही, तो गुरांच्या खाद्यासाठी जाईल. शेवटच्या प्रत्येक खोक्यात नऊ गुऱ्हाळांचे पत्ते आणि फोन, त्यांच्या परवानगीने, छापून घालत आहोत. हंगामात थेट त्यांच्याकडून गुळाचा रवा घ्या. पावडर हवी असेल तर आधी सांगा, ती वेगळी घोटावी लागते.

वाळवणी यंत्र, पल्व्हरायझर, चाळणी आणि पाऊच सील करणारी दोन यंत्रं विकायची आहेत. २२ आणि २३ नोव्हेंबरला सकाळी दहा ते पाच शेडमध्ये चालवून पाहता येतील. गुऱ्हाळमालक किंवा बचत गट घेत असतील तर त्यांना प्राधान्य.

ग्राहकांचे पत्ते आणि फोन ३१ डिसेंबरला पुसून टाकू आणि ते कुणालाही विकणार नाही. बिलं मात्र जीएसटी कायद्याप्रमाणे ७२ महिने ठेवावी लागतात. जीएसटी नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे शेवटचं विवरणपत्र भरू. सगळी देणी शून्य झाल्यावर एसटीके-२ हा अर्ज भरून कंपनीचं नाव नोंदणीतून काढू.

शेवटच्या बॅचची मुदत ३१ मे २०२६ ला संपते. तोपर्यंत बिलावरचा तक्रारीचा फोन सोमवार ते शनिवार, सकाळी अकरा ते एक चालू राहील, आणि तो आमच्या तिघांपैकीच कुणीतरी उचलेल.

आपले,
गुळवाटचे तिघे संस्थापक