प्रश्ननिहाय विश्लेषण: ‘मिठागर’ अपठित उतारा, इयत्ता सातवी, मराठी

चाचणी: २८० शब्दांचा उतारा, चार पर्यायांचे १२ प्रश्न, १२ गुण, वेळ ३० मिनिटे. तुकडी अ आणि ब मिळून ५४ विद्यार्थी. सरासरी ७.२४.

आकडे कसे काढले

गुणपत्रकात बरोबर-चूक न लिहिता प्रत्येकाने निवडलेले अक्षर नोंदवले. नुसत्या खुणांवरून प्रश्न बिघडला एवढेच कळते, कोणत्या पर्यायाने बिघडवला ते कळत नाही. त्यानंतर एकूण गुणांच्या उतरत्या क्रमाने यादी लावली आणि वरचे १५ व खालचे १५ असे दोन गट घेतले. केली यांच्या १९३९च्या २७ टक्क्यांच्या नियमाप्रमाणे ५४ पैकी १४.५८ येतात, ते १५ धरले. वरच्या गटाच्या सीमेवर ८ गुणांची चार मुले होती. हजेरी क्रमांकाने घेतली असती तर एकाच तुकडीची मुले आत आली असती, म्हणून चिठ्ठी टाकली.

काठिण्य मूल्य = बरोबर उत्तरे ÷ ५४. आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा; नावामुळे हे उलटे वाचले जाते. भेदन मूल्य = (वरच्या गटातील बरोबर − खालच्या गटातील बरोबर) ÷ १५. शीटमध्ये प्रश्न ४ स्तंभ F मध्ये असेल तर:

```
=COUNTIF(F2:F55,"ब")/54
=(COUNTIF(F2:F16,"ब")-COUNTIF(F41:F55,"ब"))/15
```

| प्रश्न | वरचे १५ | खालचे १५ | एकूण बरोबर | काठिण्य | भेदन |
|---|---|---|---|---|---|
| १ | १५ | १४ | ५३ | ०.९८ | ०.०७ |
| २ | १४ | ८ | ४१ | ०.७६ | ०.४० |
| ३ | १५ | ७ | ४० | ०.७४ | ०.५३ |
| ४ | ६ | ८ | २६ | ०.४८ | −०.१३ |
| ५ | १३ | ६ | ३४ | ०.६३ | ०.४७ |
| ६ | ३ | २ | ९ | ०.१७ | ०.०७ |
| ७ | १४ | १३ | ४९ | ०.९१ | ०.०७ |
| ८ | १२ | ४ | २९ | ०.५४ | ०.५३ |
| ९ | ११ | ५ | २९ | ०.५४ | ०.४० |
| १० | ७ | १ | १४ | ०.२६ | ०.४० |
| ११ | १३ | ९ | ३८ | ०.७० | ०.२७ |
| १२ | ९ | ७ | २९ | ०.५४ | ०.१३ |

भेदन ०.४० किंवा अधिक असेल तर प्रश्न उत्तम, ०.२० च्या खाली गेला की तपासायचा, उणे आला की आधी उत्तरसूची पाहायची. मात्र १५ च्या गटात एका मुलाचे उत्तर बदलले तरी भेदन ०.०७ ने हलते. त्यामुळे ०.०७ आणि ०.१३ यांतल्या फरकाला अर्थ नाही. आकडा बोट दाखवतो. प्रश्न बिघडला की नाही हे पर्याय वाचूनच ठरवले आहे.

प्रश्न ४: दिशाभूल

‘मिठागरात कामाची सर्वांत जास्त घाई केव्हा असते?’ उत्तरसूचीत (ब) ‘मे महिन्यात’. सूची छापताना अक्षर चुकलेले नाही, हे आधी पाहिले.

निवड: अ ४, ब २६, क २, ड २२. वरच्या १५ पैकी ९ जण (ड) ‘पावसाळा तोंडावर आल्यावर’ कडे गेले, खालच्या १५ पैकी ४ च. उताऱ्यातले वाक्य असे: ‘मे महिना आला की आगरात धांदल उडते, कारण पहिल्या सरीआधी मीठ उचलून झाकले नाही तर हंगामाची मेहनत विरघळून जाते.’ (ब) मध्ये शब्द जसेच्या तसे आहेत, (ड) मध्ये त्यामागचे कारण आहे. म्हणजे ज्यांनी नीट वाचले त्यांचेच गुण गेले. दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. पुढच्या वेळी (ड) च्या जागी ‘उधाणाची भरती आल्यावर’ टाकावे: ते उताऱ्यात आहे, पण या प्रश्नाचे उत्तर नाही.

प्रश्न ६: अति अवघड

‘२५ अंश बोमे होण्याआधीच पाणी शेवटच्या कप्प्यात सोडले तर काय होईल?’ अपेक्षित उत्तर (क) ‘मिठात जिप्सम मिसळेल’. निवड: अ १४, ब १६, क ९, ड १५. चारही पर्याय जवळपास सारखे वाटले गेले आणि वरच्या गटातही तिघेच बरोबर, म्हणजे मुलांनी अंदाजाने खुणा केल्या. ‘बोमे’ हे घनतेचे एकक आहे हे उताऱ्यात कुठेच सांगितलेले नाही, आणि ‘जिप्सम त्याआधीच खाली बसते’ हे चार शब्द कंसात दडले आहेत. हा प्रश्न आकलनापेक्षा रसायनशास्त्र तपासतो. रद्द करावा.

प्रश्न १०: अवघड, पण ठेवायचा

काठिण्य ०.२६ पाहून याला प्रश्न ६ च्या पंगतीत बसवण्याचा मोह होईल, तो टाळावा. ‘पहिल्या कप्प्यात खाडीचे पाणी साधारण किती वेळा घेतात?’ उताऱ्यात ‘अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला’ एवढेच आहे, त्यावरून ‘महिन्यातून दोनदा’ काढायचे. २७ मुलांनी ‘दिवसातून दोनदा’ निवडले (वरचे ६, खालचे ९). भूगोलात भरती रोज दोनदा येते हे शिकलेले त्यांनी उताऱ्यावर लादले. चुकीचा पर्याय इथे आपले काम चोख करतो. तासाला हाच प्रश्न फळ्यावर घ्यावा आणि ‘हे उताऱ्यात कुठे लिहिले आहे?’ असे विचारावे.

प्रश्न १ आणि ७: सोपे

प्रश्न १ (‘उतारा कशाविषयी आहे?’) मुद्दाम सोपा ठेवला आहे, घाबरलेल्या मुलाची पेन चालू व्हावी म्हणून. तसाच राहू द्यावा.

प्रश्न ७ वेगळा. ‘मिठागरातले पाणी कशाने आटते?’ तुकडी क मधल्या १८ मुलांना उतारा न देता प्रश्न ७ आणि ११ दिले. सातव्याचे उत्तर १६ जणांनी बरोबर दिले. उतारा न वाचता सुटतो तो आकलनाचा प्रश्न नव्हे. काढून ‘पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात का सरकवतात?’ घ्यावा.

प्रश्न ११ आणि १२: दुरुस्ती

११: ‘मीठ धरणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ. बरोबर उत्तर ‘स्फटिक बनू लागणे’ ३८, ‘मीठ गोळा करणे’ १५, ‘मीठ मुठीत धरणे’ १, ‘मीठ सोडणे’ ०. शेवटचे दोन पर्याय मेलेले आहेत, त्यामुळे प्रश्न प्रत्यक्षात दोन पर्यायांचा झाला. प्रश्न मात्र चांगला आहे: उताऱ्याविना १८ पैकी ५ जणांनाच जमला, बाकी १३ ‘गोळा करणे’ कडे गेले. ‘मिठाचा थर काळा पडणे’ आणि ‘मीठ पाण्यात विरघळणे’ हे पर्याय घालावेत.

१२: ‘कोणते विधान उताऱ्यात आलेले नाही?’ (अ) हे उताऱ्यातले पहिलेच खरे विधान १७ जणांनी निवडले. वरचे ५, खालचे ५. दोन्ही गट सारखेच घसरले, कारण ‘नाही’ नजरेतून सुटले. ठळक छापून आणि अधोरेखित करून भागेल, पण प्रश्न होकारार्थी केलेला बरा: ‘कोणते विधान उताऱ्यात आले आहे?’ एक खरे, तीन खोटी.

गुणांवर परिणाम

प्रश्न ६ रद्द, प्रश्न ४ ला ब आणि ड दोन्ही ग्राह्य. चाचणी ११ गुणांची झाली, एकूण गुण ३९१ − ९ + २२ = ४०४, सरासरी ७.४८. टक्केवारी ६० वरून ६८ वर जाते. ही वाढ प्रश्नपत्रिका दुरुस्त झाल्याची आहे, प्रगतीच्या तक्त्यात वाचनाची सुधारणा म्हणून नोंदवू नये. प्रश्न १२ ला फेरगुण नाहीत, कारण त्याचे उत्तर एकच आणि बिनचूक आहे.

प्रश्न २, ३, ५, ८, ९, १० आकड्यांसह प्रश्नपेढीत जातील. ४, ७, ११, १२ ची दुरुस्त रूपे दुसऱ्या सत्रात तुकडी क ला देऊन पुन्हा तपासायची. मात्र ७ आणि ११ त्या तुकडीतल्या १८ मुलांनी पाहिले असल्याने त्यांचे आकडे वेगळे काढावेत.