कैरोतल्या पाट्या आणि पाकिटं, मावशीसाठी मराठीत

मावशी,

तुझे फोटो पाहिले. पाटीवर किंवा पाकिटावर दुकानाचं वा कंपनीचं नाव आहे ते मी उच्चाराप्रमाणे तसंच ठेवलंय, कारण दुकानात तेच बोलून मागावं लागतं. बाकीचं मराठीत केलंय. इजिप्तमध्ये जीम या अक्षराचा, म्हणजे आपल्या 'ज'चा, उच्चार 'ग' होतो आणि अरबीत 'प' नाही. त्यामुळे पेप्सी 'बीब्सी' अशी लिहिलेली असते, आणि जुहैना हे दुधाचं नाव तिथे 'गुहैना' असं ऐकू येतं.

आधी हॉटेलच्या गल्लीतल्या पाट्या. 'सैदलीयत अल-एझबी' म्हणजे एझबी औषधालय. काकांच्या गोळ्या संपल्या तर इथेच जा. 'मखबझ' म्हणजे पावाची भट्टी, 'बकाला' म्हणजे किराणा. 'गिझारा' हे मटणाचं दुकान, ते सोडून पुढे चल. काचेच्या दारावर 'इदफअ' असेल तर ढकल, 'इस्हब' असेल तर ओढ. 'मुगलक' म्हणजे बंद. लाल अक्षरांतलं 'खस्म' म्हणजे सूट.

कोपऱ्यावरची हिरवी पाटी 'असीर कसब' अशी आहे. ते चक्क रसवंतीगृह! बोलताना लोक 'असब' म्हणतात, 'क' गिळतात. उसाचा ताजा रस मिळेल; बर्फ नको असेल तर 'मिन गेर तल्ग' म्हण.

'कुशरी अबू तारिक' याचं भाषांतर 'तारिकच्या बाबांची कुशरी' असं करता आलं असतं, पण तसं विचारत फिरलीस तर कुणालाच कळणार नाही. अबू तारिक हे शाँपोलियन रस्त्यावरचं नावाजलेलं दुकान आहे. कुशरीत भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोचा रस्सा आणि कुरकुरीत तळलेला कांदा. तुमच्यासाठी याहून सोयीचं जेवण कैरोत नाही. तरी मागताना 'मिन गेर लहमा वला फिराख वला समक' एवढं म्हण: मांस नको, कोंबडी नको, मासा नको.

आता पाकिटं. चहाच्या पाकिटावर 'शाय अल-अरूसा' आहे. अरूसा म्हणजे नवरी, पण 'नवरी चहा' असं लिहीत नाही, अरूसा चहाच राहू दे. पाण्याच्या बाटलीवरचं 'बरका' हे आपल्या बरकतीचंच भावंड. तेही नाव आहे, खाली 'मियाह तबीइया' म्हणजे नैसर्गिक पाणी. चिप्सच्या पाकिटावरचं 'शिब्सी' हे एका कंपनीचं नाव, पण बोलताना लोक कुठल्याही वेफर्सना शिब्सीच म्हणतात, जसं आपल्याकडे वनस्पती तुपाला डालडा. तुझ्या पाकिटाची चव 'शत्ता व लैमून' आहे, तिखट-लिंबू. 'कबाब' लिहिलेलं घेऊ नको.

डालड्यावरून आठवलं: डब्यावर 'समन नबाती' असेल तर वनस्पती तूप, 'समन बलदी' असेल तर आपलं साजूक. काकांना पहिलं चालत नाही, हे मला माहीत आहे.

दुधाच्या बाबतीत जपून. आखातात 'लबन' म्हणजे ताक, पण कैरोत लबन म्हणजे दूधच. काही डब्यांवर 'हलीब' असतं, तेही दूध. 'कामिल अद-दसम' म्हणजे साय न काढलेलं. दही हवं तर 'झबादी' माग.

नूडल्सच्या पाकिटावर 'इंदोमी' हे नाव, त्याखाली 'बि-तअम अल-फिराख' म्हणजे कोंबडीच्या चवीचं. ते परत ठेव आणि 'खुदार' लिहिलेलं शोध, ते भाज्यांचं. तरी मागची बाजू वाचायलाच हवी, कारण आपल्याकडचा हिरवा ठिपका तिथे नाही. 'मुकव्विनात' या शब्दापुढे घटक असतात. त्यात 'दगाग' (कोंबडी), 'बैद' (अंडं) किंवा 'जिलातीन बकरी' दिसलं तर नको. बकरी वाचून शेळी समजू नको. अरबीत बकर म्हणजे गाय-बैल.

किमती आणि तारखांचे आकडे घोळ करतात. आपल्या शून्यासारखा गोल दिसतो तो पाच, आणि शून्य म्हणजे नुसता टिंब. तुझ्या बिस्किटांच्या पुड्यावर गोल आणि त्याच्या उजवीकडे टिंब आहे, म्हणजे ५० गिनी, तिथले पौंड. इंग्रजी व्हीसारखा सात, उलटा व्ही आठ, इंग्रजी सातासारखा सहा. 'तारीख अल-इंताग' ही बनवल्याची तारीख, 'तारीख अल-इंतिहा' ही संपण्याची. चीजच्या डब्यावरचं 'युहफझ मुबर्रदन' म्हणजे थंड जागी ठेवा. खोलीत फ्रिज नसेल तर तो घेऊच नको.

शेवटच्या फोटोत सूपच्या पाकिटाचं नावच तेवढं आलंय. मागच्या बाजूचा फोटो उजेडात काढून पाठव, आणि माझं उत्तर येईपर्यंत ते उघडू नको.