नदीवरच्या भाषणाचा रिव्ह्यू, जरा सविस्तर

अगं तुझं रेकॉर्डिंग काल रात्री ऐकलं, आज सकाळी परत घड्याळ लावून ऐकलं, आता एकदाच सगळं लिहून टाकते म्हणजे उद्या कॉलेजला जाताना बसमध्ये नीट वाचशील.

पहिलं म्हणजे विषय मस्त निवडलायस. "मुठेचं देणं" म्हणून पुण्यात उभं राहून बोलणं याला हिंमत लागते, कारण समोर बसलेल्या प्रत्येकाला नदी माहीत असते आणि परीक्षकांपैकी एखाद्याने 1961 चा पूर डोळ्यांनी बघितलेला असू शकतो. म्हणून तिथे एक चूक आहे ती आधी दुरुस्त कर. तू म्हणतेस "मुठेवरचं पानशेत धरण फुटलं आणि पाणी पुण्यात शिरलं". पानशेत आंबी नदीवर आहे. 12 जुलै 1961 ला ते फुटलं, ते सगळं पाणी खाली खडकवासल्यात आलं, तेही धरण त्या लोंढ्यापुढे टिकलं नाही, आणि मग ते शहरात आलं. हे दोन टप्पे नीट सांगितलेस तर ऐकणाऱ्याला आपोआप भीती वाटते, वेगळं "भयंकर", "प्रलयंकारी" म्हणावंच लागत नाही. ते दोन्ही शब्द काढ.

आता वेळ. स्पर्धेची लिमिट 7 मिनिटं, 6 ला पहिली घंटा, 7 ला दुसरी आणि त्यानंतर गुण कापतात. तुझं रेकॉर्डिंग 8 मिनिटं 10 सेकंद आहे. घरात खुर्चीत बसून, कोणी टाळ्या न वाजवता. तू म्हणशील स्टेजवर आपोआप स्पीड वाढतो, वाढतो खरा, पण मग शब्द पडतात आणि श्वास पुरत नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नकोस. आणि खाली मी जे पॉज सांगणार आहे त्यांना पण वेळ लागतो, म्हणून कागदावरचा मजकूर 6 मिनिटं 20 सेकंदांतच बसायला हवा, उरलेला वेळ पॉजचा.

कुठून कापायचं ते सांगते. "व्यासपीठावर उपस्थित सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधुभगिनींनो" पासून "मी आपणासमोर जो विषय मांडणार आहे तो आपण शांतचित्ताने ऐकून घ्यावा ही नम्र विनंती" पर्यंत तब्बल 48 सेकंद जातात गं! एवढ्यात परीक्षक तुझा नंबर लिहून वर बघून परत खाली बघतात. "नमस्कार" म्हण आणि थेट भिडे पुलावर ये, खडकवासल्यातून विसर्ग वाढला की तो पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातल्या गाड्या हलवायला लोक धावतात, तो तुझा प्रसंग जिवंत आहे, तोच पहिला येऊ दे. दुसरं, टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला ही चारही नावं आणि प्रत्येकाची माहिती, ते भूगोलाच्या पेपरसारखं होतंय. नावं एका दमात घे, माहिती सोड. तिसरं, मधली ती आठ ओळींची कविता. सुंदर म्हणतेस, पण 35 सेकंद, आणि कविता सुरू झाली की तुझा स्वतःचा आवाज बाजूला पडतो. एवढं काढलंस की बरंचसं जमतं, उरलेलं "त्याचप्रमाणे", "खरोखरच", "आज आपण पाहतो की" यांतून निघेल.

आवाजाबद्दल मला जास्त बोलायचंय, कारण तुझा आवाज चांगला आहे आणि तू तो एकाच पट्टीत वापरतेस. पहिल्या वाक्याला जो चढा सूर लावतेस तोच शेवटपर्यंत, त्यामुळे पूर आला तरी तोच आणि गणपती विसर्जन आलं तरी तोच. चौथ्या मिनिटाला मला कळत होतं की आता वाक्य कुठे वर जाणार आणि कुठे खाली येणार, पाठांतराचा तो ठरलेला हेलकावा लगेच पकडता येतो. दुसरं म्हणजे वाक्याचा शेवटचा शब्द गिळतेस. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे नेमकं काय घडलं तेच ऐकू जात नाही! "जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते" यात "रचत होते" मला दोनदा ऐकावं लागलं.

पुराचा तुकडा असा करून बघ. "जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते" हे सावकाश, मधल्या आवाजात. मग "सकाळी धरण फुटलं" हे आवाज खाली आणून, हळू. इथे सगळे ओरडतात, तू ओरडू नकोस. मग थांब. मनातल्या मनात एक-दोन मोज, समोर बघत. आणि मग "लकडी पूल पाण्याखाली गेला, पेठांमधले वाडे बसले, माणसं गच्चीवर चढली" हे तिन्ही वेगात, एकामागे एक, श्वास न घेता. माइकपासून तोंड लांब नेऊ नकोस, हळू बोलताना तर अजिबात नाही. हातवारे मी ऐकून काय सांगणार, पण वेगात बोलताना हात हलत असतील तर थांबण्याच्या जागी ते पण थांबू देत.

प्रश्न विचारतेस तिथेही थांबत नाहीस. "या नदीला आपण परत काय दिलं?" म्हणतेस आणि लगेच स्वतःच उत्तर देतेस. समोरच्याला एक क्षण लाज वाटू दे ना.

आता शेवट. सध्याचा शेवट असा आहे: "चला तर मग, आपण सारे मिळून नदी वाचवण्याची शपथ घेऊया, एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय हिंद, जय महाराष्ट्र." हे शेवटचं वाक्य त्याच दिवशी आणखी दहा जण म्हणतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तुझ्याकडे याहून जबरदस्त ओळ आहे, तू ती पाचव्या मिनिटाला खर्च करून टाकलीस. संगमावर मुळा-मुठा एक होतात, पुढे भीमेला मिळतात, भीमा उजनीत जाते, आणि उजनीचं पाणी सोलापूरच्या नळाला येतं, हे तू सांगतेस, मग म्हणतेस "म्हणजेच पुणेकरांनी सोडलेले सांडपाणी काही प्रमाणात सोलापूरकरांपर्यंत पोहोचण्याची शक्यता असते". मी ऐकताना जागच्या जागी थांबले. हाच शेवट आहे! फक्त त्यातलं "काही प्रमाणात", "शक्यता" वगैरे काढ आणि लहान कर: "पुणं जे नदीत सोडतं, ते सोलापूरच्या वाटेला लागतं."

हा रस्ता म्हणजे संगम, भीमा, उजनी, सोलापूर तसाच्या तसा उचलून शेवटी आण, पहिली घंटा वाजली की तो सुरू व्हायला हवा. एकेक नाव सुटं घे, प्रत्येक नावागणिक आवाज खाली. शेवटची ओळ म्हणताना "लागतं" पूर्ण म्हण, गिळू नकोस. त्यानंतर एक शब्द नाही, धन्यवाद सुद्धा नाही, नमस्कार कर आणि खाली ये. घंटेची भीती वाटली आणि मधलं काही राहिलं तर राहू दे, सरळ संगमावर उडी मार, पण ही ओळ घाईत म्हणू नकोस.

शुक्रवारपर्यंत कापलेला मजकूर पाठव, रेकॉर्डिंग उभं राहून कर आणि घंटेच्या जागी मोबाइलवर 6 मिनिटांचा अलार्म लाव. रविवारी आजीकडे सगळे जमणारच आहेत, तिथे सगळ्यांसमोर एकदा म्हण, मी मागच्या खोलीत दाराशी उभी राहून ऐकेन, तिथवर शेवटचे शब्द पोचतात का ते बघू.