खालच्या विहिरीचा पोवाडा

ऐका मंडळी, आज्जीची गोष्ट आज्जीच्याच शब्दात सांगतो,
नावं नाही घेणार कुणाची, तेवढी परवानगी मागतो.
माणदेशातलं गाव आमचं, माळावर नुसती कुसळं,
ढग यायचे, बघून जायचे, वारं पांगवायचं सगळं.
वर चिरेबंदी विहीर गावची, रहाट, डोण, वडाची सावली,
खाली वेशीबाहेर वस्ती, तिला ती सावली नाही घावली.

वस्तीतली एक पोर होती, नऊ-दहा वर्षांची,
डोक्यावर मडकं, पायाखाली फुफाट्याची वाट रोजची.
दुपारभर उभी राहायची, कुणीतरी वाढील पाणी,
काठावर गप्पा रंगायच्या, वळून बघायचं नाही कुणी.
आलीच कुणाला दया तर वरनं हाळी यायची,
अन् घोटभर पाण्याच्या आधी जात विचारली जायची:

लांब उभी ऱ्हा गं, शिवू नको दोर,
आधी सांग पोरी, तू कुणाची पोर?

27 साली बाप तिचा पायी महाडला गेला,
चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या मागं ओंजळभर पाणी प्याला.
डोकं फुटून परत आला, फडक्यावर रक्त वाळलेलं,
पण पोरीनं बापाला असं हसताना कधी नव्हतं पाहिलेलं.
म्हणाला, "वाढलेलं पाणी बास झालं, आता आपलं आपण काढू,
वड्याच्या कडंला वल हाय, तितं चार हात खड्डा पाडू."

चार हात कसले, दोन उन्हाळे गेले! दिवसा दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि रात्री चांदण्यात पहारी मारायच्या, बायांनी पाट्या भरून माती वर द्यायची, मुरूम संपला तर काळा पाषाण लागला, सुरुंगाला पैसा कुठला, छिन्नी-घणानं कपची कपची काढली, आणि एका पहाटे बापानं पहार वर ओढली तर टोकाला चिखल होता! त्यानं तो चिखल बोटानं पोरीच्या कपाळाला लावला. आज्जी म्हणायची, हे सांगताना म्हातारपणी पण त्या पोरीचा हात आपोआप कपाळाकडं जायचा.

सोड गं पोहरा, ओढ गं दोर,
इथं नको सांगू, तू कुणाची पोर!

वर्षं गेली, देश सुटला, 56 ला दीक्षा झाली,
पोरीची त्या सासू झाली, वस्तीची थोरली आत्या झाली.
अन् मग आलं 72 साल, जी जी रं जी,
मिरगाचा थेंब नाही, जी जी रं जी!
बैल विकले, गाय सोडली, दावणीला नुसतं दावं,
मिलोची तांबडी भाकर खाऊन जगत होतं गाव.
गावची विहीर बुडाला गेली, तळाला पोरं उतरायची,
करवंटीनं पाणी खरडून रातभरात घागर भरायची.

दुष्काळी काम निघालं, रस्त्याला खडी फोडायची, मुकादम मस्टर घेऊन उभा, आणि त्या मस्टरवर मोठ्या घरची सून म्हणजे माझी आज्जी आणि वस्तीची आत्या, दोघींची नावं एकाखाली एक. ढीग एक, हातोडी तीच, हाताला फोड तसेच, दुपारची सुकडी पण एकाच कढईतली. पण प्यायच्या पाण्याचे माठ दोन! एक बाभळीखाली, एक उन्हात. उन्हातला कुणाचा ते मी सांगायला नको.

लांब उभी ऱ्हा गं, शिवू नको दोर...

आज्जीचं लेकरू सात म्हैन्याचं, अंग तव्यासारखं तापलं,
ओठ सुकले, रडणं आटलं, घरात पाणीच संपलं.
सासू झोपली, दिवा विझला, पदराखाली घागर घेतली,
काळोखात ठेचा खात आज्जी खालच्या विहिरीवर गेली.
कुत्रं भुंकलं, कंदील हलला, "कोण हाय गं तितं?" आलं,
आज्जी म्हणायची, त्या टायमाला माझं तोंडच शिवलं गेलं.
आत्यानं कंदील वर धरला, तोंड बघितलं, वळखलं,
पन्नास वर्षांचं ऊन तिनं एका नजरेत परतवलं.
आज्जीनं लांबनंच घागर धरली, मान खाली, हात थरथरत,
"वाढा जी" म्हणाली. हाच शब्द होता त्या पोरीच्या तोंडात!
आत्या थांबली, लई वेळ थांबली, रातकिडे तेवढे वरडले,
मग म्हणाली, "वाढणार न्हाय," अन् आज्जीचे पाय गळपटले.
"वाढणार न्हाय गं, म्होरं ये, ह्यो दोर आन ही कप्पी,
तुज्या हातानं वढून घ्ये, मान वर कर, नको ऱ्हाऊ गप्पी."

फुटलेल्या फोडांच्या हातानं आज्जीनं दोर धरला,
काथ्याला रक्त लागलं, पण पोहरा वर आला, भरला.

ये म्होरं, सोड पोहरा, ओढ गं दोर,
पाणी न्हाय इचारत, तू कुणाची पोर!

लेकरू वाचलं. ते लेकरू म्हणजे माझे वडील.

गोष्ट कशी लपंल गावात? दुसऱ्या रात्री दोघी आल्या,
तिसऱ्या रात्री सात घागरी अंधारात रांगेत झाल्या.
वस्तीतली तरणी पोरं पेटली, म्हणाली, "आत्या, बंद कर हे,
आमच्या आयांनी उन्हात काढलं, आता ह्यांचं काय पुरवायचं रे?"
त्यांचं काय चुकलं होतं? मला तर काहीच चुकलं वाटत नाही.
आत्या पण त्यांना खोटं म्हणाली नाही.
सकाळी ती मात्र वेशीत आली, कट्ट्यावर पंच बसलेले,
भर उन्हात उभी राहिली, सगळे खाली बघत असलेले.
"पानी द्येते," म्हणाली, "पन रातीचं चोरून न्यायचं न्हाय,
दिसाढवळ्या या, वेशीतनं या, ज्याचा नंबर त्याचंच हाय.
वस्तीची बाय म्होरं असंल तर तिच्या मागं उभं ऱ्हायचं,
आन सोताच्या हातानं वढायचं, कुनी वाढायचं न्हाय!"

कुणी उठून गेलं, कुणी खाकरलं, कुणाला बोलणं सुचंना,
पण तहानेपुढं पंचायत काय, दुपारपर्यंत पण टिकंना.
उन्हं कलायच्या आत रांग लागली, पाटलीणबाई अकरावी,
तिच्या पुढं वस्तीची चिमुरडी, हातात तिच्या कळशी नवी.

ये म्होरं, सोड पोहरा, ओढ गं दोर,
पाणी न्हाय इचारत, तू कुणाची पोर!

पुढल्या साली पाऊस झाला, वरची विहीर भरली,
अन् आठ दिवसात खालची वाट बऱ्याच जणी विसरली.
आज्जी नाही विसरली. सासूनं तिची घागर सोप्याबाहेर ठेवली,
चूल वेगळी, ताट वेगळं, तरी ती खालीच जात राहिली.
नळ येईपर्यंत रोज गेली, पावसात गेली, चिखलात गेली,
आत्या काठावर बसलेली असायची, दोघी बोलत बसायच्या खाली.
"आत्यानं तुम्हाला माफ केलं का गं?" मी विचारलं एकदा,
आज्जी म्हणाली, "मी कधी मागितली न्हाय, तिनं कधी दिली न्हाय, पर च्या दिला सदा."

आता विहिरीवर लोखंडी जाळी, आत पिंपळ उगवलाय,
काठाच्या काळ्या दगडाला दोरानं खोल चर पाडलाय.
जायच्या आधीच्या उन्हाळ्यात आज्जी म्हणाली, "मला तितं ने,"
मी हाताला धरून नेली, म्हणाली, "जरा खाली बसू दे."
त्या चरात तिनं बोट घातलं, हळूहळू पुढं सरकवलं,
मग माझा हात ओढून घेतला, माझं पण बोट त्यात बसवलं.
दगड उन्हानं तापलेला, पण चर आतनं गुळगुळीत, गार,
आज्जी पुटपुटत होती काहीतरी, कान लावला तर तीच ओळ बारबार:

ये म्होरं, सोड पोहरा, ओढ गं दोर,
पाणी न्हाय इचारत, तू कुणाची पोर!